अपडेटच्या मधोमध वीज गेली तर

विहिरीवरच्या मोटरपंपाच्या स्टार्टरपेटीत आजकाल एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. तिन्ही फेज आले आहेत का हे तो पाहतो, मोटर किती करंट ओढते ते मोजतो आणि पाणी संपून मोटर कोरडी फिरू लागली की ती बंद करतो. हे सगळे कसे करायचे ते सांगणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, त्याच चिपच्या फ्लॅश मेमरीत कोरलेला असतो. समजा, पेट्या विकून झाल्यावर लक्षात आले की काही मोटरींच्या बाबतीत ‘कोरडी फिरते’ हे ओळखण्याची मर्यादा चुकली आहे. प्रोग्राममधला एक आकडा बदलायचा आहे, पण पेट्या तर शंभर गावांतल्या विहिरींवर बसल्या आहेत. प्रत्येक पेटी उतरवून कारखान्यात आणणे परवडणारे नाही. त्यापेक्षा पेटीच्या बाजूला एक सिरियल सॉकेट द्यावे, माणसाने लॅपटॉप आणि केबल घेऊन जावे, नवे फर्मवेअर भरावे आणि निघावे.

यात अडचण अशी की जो प्रोग्राम बदलायचा, तोच त्या क्षणी चिपवर चालू असतो. स्वतःला पुसून स्वतःच्या जागी दुसऱ्याला लिहिणे त्याला जमत नाही. म्हणून फ्लॅशच्या सुरुवातीला एक वेगळा, छोटा, कधीही न बदलणारा प्रोग्राम ठेवतात. तो बूटलोडर. वीज आली की चिप आधी त्याच्याकडे जाते. मुख्य प्रोग्राम नीट आहे का हे तो तपासतो, असेल तर सूत्रे त्याच्या हाती देतो आणि नसेल तर सिरियल तारेवर नव्याची वाट पाहत थांबतो.

एवढे वाचून काम सोपे वाटते, आणि त्याचा गाभा खरोखरच शेदोनशे ओळींत मावतो. बूटलोडर लिहिणाऱ्याची परीक्षा मात्र एकाच प्रश्नावर होते: या ओळीनंतर, अगदी याच क्षणी वीज गेली, तर पुन्हा आल्यावर काय होईल? हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावा लागतो. शेतातल्या फीडरवर वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि लॅपटॉप घेऊन गेलेल्या माणसाची केबल कधी सैल होईल याचाही नसतो.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक चिप घेऊ. STM32F103C8 ही एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीची चिप आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना निळ्या रंगाच्या स्वस्त बोर्डामुळे चांगली ओळखीची आहे. तिच्यात ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम आहे. फ्लॅशचे ६४ तुकडे पडतात, प्रत्येक १ किलोबाइटचा. अशा तुकड्याला पेज म्हणतात. फ्लॅशचा स्वभाव समजण्यासाठी हे पेज महत्त्वाचे, कारण लिहिताना दोन-दोन बाइट लिहिता येतात, पण पुसताना अख्खे पेजच पुसावे लागते. पुसलेल्या जागेत सगळीकडे `FF` असते, आणि एकदा लिहिलेल्या जागेवर न पुसता पुन्हा लिहायला गेले तर ही चिप ते नाकारते व चुकीचा इशारा देते.

या चिपमध्ये कारखान्यातूनच एक बूटलोडर येतो, मग दुसरा लिहायचा कशाला, असा प्रश्न जाणकार विचारतील. तो बूटलोडर चांगला आहे आणि टेबलावर वापरायला उत्तम आहे. पण त्याला जागे करायचे तर `BOOT0` नावाची पिन हाय करून रीसेट द्यावा लागतो, म्हणजे पेटी उघडून जंपर हलवणे आले. शिवाय त्याची जबाबदारी आलेले बाइट फ्लॅशमध्ये टाकण्यापुरतीच आहे. दुसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा फ्लॅशमधला प्रोग्राम पूर्ण आहे की अर्धवट, हे तो पाहत नाही. आपल्याला नेमके तेच हवे आहे.

जागेची वाटणी अशी करू. पहिली ८ किलोबाइट, म्हणजे `0x08000000` पासून `0x08001FFF` पर्यंत, बूटलोडरची. `0x08002000` पासून पुढची ५५ किलोबाइट मुख्य प्रोग्रामची. आणि सगळ्यात शेवटचे एक पेज, `0x0800FC00` पासूनचे, माहितीसाठी राखलेले. मुख्य प्रोग्रामची लांबी, त्याचा सीआरसी आणि ‘हा प्रोग्राम ग्राह्य आहे’ असे सांगणारी एक ठरावीक खूण, एवढेच त्या माहिती-पेजमध्ये राहील. हे पेज दिसायला क्षुल्लक आहे, पण सगळी सुरक्षितता त्याच्यावर उभी आहे.

आधी तारेकडे पाहू. लॅपटॉप फर्मवेअरची फाइल एकदम पाठवत नाही, २५६ बाइटची पॅकेट करून पाठवतो. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला एक ठरलेला बाइट, मग दोन बाइटचा क्रमांक, मग २५६ बाइट मजकूर आणि शेवटी दोन बाइटचा तपासणी आकडा, असे एकूण २६१ बाइट. तपासणी आकडा कसा काढायचा, इथे पहिला निर्णय घ्यावा लागतो.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे सगळ्या बाइटची बेरीज करून तिचा शेवटचा बाइट पाठवणे. मूळ एक्समोडेम हा फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिला, तो १२८ बाइटच्या ठोकळ्यामागे एवढीच बेरीज जोडत असे. बेरजेची अडचण दोन बाइटवरच दिसते. `12 34` हे सोळा-आधारी अंकांतले दोन बाइट घ्या, बेरीज `46`. तेच उलटे आले, `34 12`, तरी बेरीज `46`. एका बाइटमध्ये एक वाढला आणि दुसऱ्यात एक घटला तरी बेरीज हलत नाही. बेरजेला जागा कळत नाही, फक्त एकूण कळते. प्रोग्रामच्या बाबतीत तर जागा म्हणजेच अर्थ.

सीआरसी ही पद्धत जागेचा हिशेब ठेवते. पूर्ण पॅकेट ही एक लांबलचक द्विमान संख्या समजायची, तिला एका ठरावीक संख्येने भागायचे आणि बाकी पाठवायची. भागाकार शाळेतल्यासारखाच, फक्त वजाबाकीत हातचा घ्यायचा नाही. प्रत्येक स्थानावर दोन बिट वेगळे असतील तर एक, सारखे असतील तर शून्य. सोळा बिटच्या सीआरसीसाठी प्रचलित भाजक `0x11021` आहे. कोडमध्ये वरचा एक गृहीत धरून तो `0x1021` असा लिहितात:

```c
uint16_t crc16(const uint8_t *p, uint32_t n)
{
    uint16_t crc = 0;
    while (n--) {
        crc ^= (uint16_t)(*p++ << 8);
        for (int i = 0; i < 8; i++)
            crc = (crc & 0x8000) ? (crc << 1) ^ 0x1021
                                 : (crc << 1);
    }
    return crc;
}
```

आता तेच दोन बाइट यातून काढू. `12 34` ची बाकी येते `13C6` आणि `34 12` ची `FB22`. नुसती अदलाबदल झाली आणि आकडा पूर्णपणे बदलला. तारेवरचा बिघाड सहसा सलग येतो: मोटर सुरू होताना ठिणगी पडते आणि ओळीने काही बिट बिघडतात. सलग १६ बिटांच्या आत मावणारा असा कोणताही बिघाड १६ बिटचा सीआरसी खात्रीने पकडतो. सगळेच्या सगळे बाइट अंदाधुंद बिघडले, तर मात्र चुकीचे पॅकेट बरोबर ठरण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक एवढी उरते. एका पॅकेटसाठी ती पुरेशी कमी आहे. पूर्ण प्रोग्रामसाठी मी ती पुरेशी मानत नाही, म्हणून तिथे ३२ बिटचा सीआरसी घ्यायचा, त्यात हीच शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक इतकी खाली येते.

सीआरसीच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो दोन्ही बाजूंचे उत्तर न जुळण्यात. सीआरसी-३२ हे एक नाव असले तरी सुरुवातीचा आकडा काय, बिट कुठल्या टोकापासून घ्यायचे, शेवटी उलटवायचे की नाही, या तपशिलांवर वेगवेगळी उत्तरे येतात. आपल्या चिपमध्ये सीआरसी-३२ काढणारे हार्डवेअरही आहे आणि ते फार वेगवान आहे. पण ते चार-चार बाइटचे शब्द घेते, बिटांचा क्रम उलटत नाही आणि शेवटी उत्तरही उलटवत नाही. लॅपटॉपवरच्या पायथनमधले `zlib.crc32` या तिन्ही बाबतींत वेगळे वागते. त्यामुळे प्रोग्राम बरोबर पोहोचलेला असूनही बूटलोडर तो नाकारत राहतो आणि लिहिणारा तार, बॉडरेट, फ्लॅश असे सगळे तपासत बसतो. यावर उपाय ठरलेला आहे. `123456789` हे नऊ अक्षरी वाक्य दोन्ही बाजूंना द्यायचे. नेहमीच्या सीआरसी-३२ चे उत्तर `CBF43926` यायला हवे आणि वरच्या १६ बिटच्या कोडचे `31C3`. ते आल्याशिवाय पुढची एकही ओळ लिहू नये.

आता फ्लॅशच्या एका सवयीकडे येऊ, जी माहीत नसेल तर बूटलोडर टेबलावर कधी चालतो, कधी चालत नाही आणि कारण सापडत नाही. एक पेज पुसायला या चिपला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात फ्लॅशमधून काहीही वाचता येत नाही, आणि बूटलोडरचा कोड स्वतः फ्लॅशमध्येच असल्याने प्रोसेसर पुढची सूचना मिळेपर्यंत थिजून उभा राहतो. तारेवरून मात्र बाइट येतच असतात. १,१५,२०० बॉडला एक बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येतो. म्हणजे ४० मिलिसेकंदांत साडेचारशेहून अधिक बाइट येऊन जातील, आणि सिरियल पोर्टचा डबा एका वेळी जेमतेम एक बाइट सांभाळतो. बाकीचे हरवतात. असे झाले की पोर्टच्या स्टेटस रजिस्टरमधला `ORE` हा बिट चढतो. पॅकेटचे सीआरसी वारंवार चुकत असतील तर तारेला दोष देण्याआधी तो बिट पाहावा.

म्हणून संभाषण थांबत-थांबत करायचे. लॅपटॉपने एक पॅकेट पाठवायचे आणि गप्प बसायचे. बूटलोडरने ते रॅममध्ये घ्यायचे, सीआरसी पाहायचा, फ्लॅशमध्ये लिहायचे आणि मगच ‘पोहोचले’ असा एक बाइट परत पाठवायचा. सीआरसी चुकला तर ‘पुन्हा पाठव’ असा दुसरा बाइट. लॅपटॉपला ठरावीक वेळात काहीच उत्तर आले नाही, तर त्याने तेच पॅकेट पुन्हा पाठवायचे.

या शेवटच्या वाक्यात एक खड्डा लपलेला आहे. समजा, सदतिसावे पॅकेट नीट पोहोचले, फ्लॅशमध्ये लिहिले गेले, पण ‘पोहोचले’ हा बाइटच परतीच्या वाटेवर बिघडला. लॅपटॉप सदतिसावे पॅकेट पुन्हा पाठवतो. बूटलोडरने ते अडतिसावे समजून पुढच्या जागी लिहिले तर पूर्ण प्रोग्राम २५६ बाइटने सरकतो. आणि त्याच जागी पुन्हा लिहायला गेला तर फ्लॅश नाकारते, कारण ती जागा आता कोरी नाही; `PGERR` हा बिट चढतो आणि अपडेट तिथेच अडकते. पॅकेटवर क्रमांक घालण्याचे खरे कारण हे आहे. आलेला क्रमांक नुकत्याच लिहिलेल्याचाच असेल, तर काही न लिहिता फक्त ‘पोहोचले’ एवढे पुन्हा सांगायचे. टेबलावर छोट्या केबलने काम करताना ही वेळ जवळपास येतच नाही, म्हणून ती मुद्दाम आणावी लागते: लॅपटॉपवरच्या प्रोग्रामने अधूनमधून आलेले उत्तर न मिळाल्यासारखे वागायचे.

वेळेचा हिशेब एकदा मांडून पाहू. प्रोग्राम ४० किलोबाइटचा असेल तर १६० पॅकेट होतील. एक पॅकेट तारेवरून यायला सुमारे २३ मिलिसेकंद आणि ते फ्लॅशमध्ये लिहायला सुमारे ७. एकूण ५ सेकंदांच्या आत. ४० पेज पुसायला जास्तीत जास्त दीड-पावणेदोन सेकंद. यूएसबी केबलमधल्या चिपची स्वतःची दिरंगाई धरली तर दहा सेकंदांच्या आसपास सगळे आटोपते. या दहा सेकंदांत चिपमध्ये जुना प्रोग्राम पूर्ण नसतो आणि नवाही पूर्ण नसतो.

त्या दहा सेकंदांची व्यवस्था माहिती-पेज करते, आणि त्यासाठी क्रम पाळावा लागतो. अपडेटची आज्ञा आल्यावर बूटलोडरने सर्वांत आधी माहिती-पेज पुसायचे. त्यानंतरच मुख्य प्रोग्रामची पेज पुसायची, पॅकेट घ्यायची, लिहायची. सगळे आल्यावर पूर्ण प्रोग्रामचा सीआरसी-३२ काढायचा, तोही रॅममधल्या पॅकेटवरून नाही, तर फ्लॅशमध्ये जे प्रत्यक्ष उतरले आहे ते पहिल्या बाइटपासून परत वाचून. तो लॅपटॉपने सांगितलेल्या आकड्याशी जुळला तर माहिती-पेजमध्ये लांबी आणि सीआरसी लिहायचा. ग्राह्यतेची खूण अगदी शेवटी.

आता वीज घालवून पाहू. माहिती-पेज पुसण्याआधी गेली, तर जुना प्रोग्राम शाबूत आहे आणि तोच चालेल. पुसल्यानंतर लगेच गेली, तर जुना प्रोग्राम अजून पूर्ण असला तरी खूण नाही. बूटलोडर तारेकडे कान लावून थांबेल. नव्वदाव्या पॅकेटनंतर गेली तरी तेच. सगळी पॅकेट लिहून झाली आणि खूण लिहायच्या आत गेली, तर प्रोग्राम पूर्ण असूनही नाकारला जाईल आणि दहा सेकंदांचे काम पुन्हा करावे लागेल. चार बाइटची खूण दोन टप्प्यांत लिहिली जाते. त्या दोन टप्प्यांच्या मधे गेली तर खूण अर्धवट, म्हणजे अग्राह्यच. कुठल्याही क्षणी वीज गेली तरी अर्धवट प्रोग्राम चालू होत नाही, आणि बूटलोडर जिवंत राहतो.

हाच क्रम थोडा ढिला केला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. पुष्कळ घरगुती बूटलोडर माहिती-पेज शेवटी एकदाच पुसतात आणि लगेच नवी माहिती लिहितात, कारण कोड तसा नीटनेटका दिसतो. मग नव्वदाव्या पॅकेटला वीज गेली की जुनी खूण तशीच असते आणि तिच्या खाली अर्धा नवा, अर्धा पुसलेला प्रोग्राम. वीज आल्यावर बूटलोडर फक्त खूण पाहत असेल तर तो बेधडक उडी मारतो आणि पेटी मरते. म्हणून प्रत्येक वेळी वीज आल्यावर खुणेसोबत पूर्ण सीआरसीही पुन्हा काढावा असे माझे मत आहे. ५५ किलोबाइटसाठी त्याला तक्ता वापरून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो, आणि पंपाची मोटर तेवढे थांबू शकते. वर्षांनी फ्लॅशमधला एखादा बिट आपोआप पलटला तर तोही यातच पकडला जातो.

सीआरसी काढण्याआधी मात्र लांबी तपासायलाच हवी. कोऱ्या पेजमध्ये लांबीच्या जागी `FFFFFFFF` असते. बूटलोडरने तिच्यावर विश्वास ठेवून सीआरसी काढायला सुरुवात केली, तर वाचता वाचता तो फ्लॅशच्या पलीकडे जातो, प्रोसेसर हार्डफॉल्टमध्ये पडतो आणि ज्याने कधी अडकू नये तोच अडकतो. लांबी शून्याहून मोठी आणि ५५ किलोबाइटच्या आत असेल, तरच पुढे जायचे.

वीज जाण्याचा आणखी एक सूक्ष्म परिणाम आहे. पेज पुसताना मधेच वीज गेली तर त्यातले काही बिट अर्धवट पुसलेले राहतात. वाचल्यावर ते पेज कोरे दिसू शकते, पण तापमान किंवा व्होल्टेज थोडे बदलले की तेच बिट वेगळे वाचले जातात. त्यामुळे ‘पेज कोरेच आहे, पुसायचा वेळ वाचवू’ असा विचार बूटलोडरमध्ये आणू नये. प्रत्येक अपडेटला प्रत्येक पेज नव्याने पुसावे. या फ्लॅशची हमी १०,००० वेळा पुसण्याची आहे. पंपाच्या पेटीच्या आयुष्यात त्याचा शंभरावा भागही वापरला जाणार नाही.

सगळे जुळले की मुख्य प्रोग्रामकडे उडी. या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरमध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला एक तक्ता असतो: पहिल्या चार बाइटमध्ये स्टॅक कुठून सुरू होतो, पुढच्या चारमध्ये पहिली सूचना कुठे आहे, आणि त्यापुढे प्रत्येक इंटरप्टचा पत्ता. बूटलोडरने हा तक्ता बदलल्याचे प्रोसेसरला सांगायचे आणि निघायचे:

```c
uint32_t sp = *(volatile uint32_t *)0x08002000;
uint32_t pc = *(volatile uint32_t *)0x08002004;
SCB->VTOR = 0x08002000;
__set_MSP(sp);
((void (*)(void))pc)();
```

या पाच ओळींआधी बूटलोडरने चालू केलेले सगळे बंद करणे आवश्यक आहे: सिसटिक टायमर, सिरियल पोर्ट, त्यांचे इंटरप्ट. एखादा टायमर चालू राहिला तर मुख्य प्रोग्राम आपली जुळवाजुळव करत असतानाच त्याचा इंटरप्ट येऊन आदळतो. दुसरी नेहमीची गफलत मुख्य प्रोग्रामच्या बाजूने होते. त्याची सुरुवातीची तयार फाइल कधी कधी तक्त्याचा पत्ता पुन्हा `0x08000000` करून टाकते, म्हणजे बूटलोडरचा तक्ता. लक्षण ओळखण्यासारखे आहे: नुसत्या लूपने दिवा लुकलुकवणारा प्रोग्राम बूटलोडरमधून छान चालतो, आणि टायमरच्या इंटरप्टने लुकलुकवणारा पहिल्याच इंटरप्टला थिजतो.

इथे सीआरसीची मर्यादाही लक्षात येते. मुख्य प्रोग्राम जोडताना लिंकरला `0x08002000` हा पत्ता सांगायचे विसरले, तर फाइल `0x08000000` साठी बनते. ती जशीच्या तशी पोहोचेल, सीआरसी अगदी बरोबर येईल, आणि उडी मारल्यावर पहिली सूचना बूटलोडरच्याच पोटात कुठेतरी सापडेल. पाठवले तेच पोहोचले, एवढेच सीआरसी सांगतो. पाठवले ते योग्य होते का, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून उडीआधी दोन पत्ते पाहावेत: स्टॅकचा पत्ता `0x20000000` पासूनच्या २० किलोबाइट रॅमच्या हद्दीत हवा आणि पहिल्या सूचनेचा पत्ता मुख्य प्रोग्रामच्या ५५ किलोबाइटमध्ये, तोही विषम, कारण या प्रोसेसरला सूचनेच्या पत्त्याचा शेवटचा बिट एक लागतो. तीन हॉर्सपॉवरच्या पेटीत पाचचे फर्मवेअर जाऊ नये म्हणून फाइलमध्ये मॉडेलचा क्रमांकही घालावा आणि तो पुसण्याच्या आधी, पहिल्याच संदेशात तपासावा. मुद्दाम खोटे फर्मवेअर भरू पाहणाऱ्याला सीआरसी अडवत नाही, कारण तो कोणालाही काढता येतो; तिथे गुप्त किल्लीने केलेली सही लागते.

एकच जागा ठेवून जुना प्रोग्राम आधीच पुसून टाकणे काहींना धोक्याचे वाटते. मोबाइल नेटवर्कवरून दूर बसून अपडेट करायचे असेल तर ते खरेच धोक्याचे आहे. तिथे दोन जागा हव्यात, नवा प्रोग्राम दुसरीकडे पूर्ण उतरून तपासला गेल्यावरच जुना सोडायचा. ६४ किलोबाइटमध्ये त्यासाठी प्रत्येक प्रोग्राम २७ किलोबाइटच्या आसपास बसवावा लागेल. सिरियल तारेच्या बाबतीत मात्र लॅपटॉप घेऊन माणूस समोर उभा असतो. वीज गेली तर ती येईपर्यंत थांबून तो पुन्हा पाठवू शकतो. या कामाला एक जागा पुरते, आणि बूटलोडर जितका साधा तितके त्यात चुकायला कमी.

कारण बूटलोडर स्वतः मात्र शेतात बदलता येत नाही. या चिपमध्ये ऑप्शन बाइटमधला एक बिट चार पेजना कुलूप लावतो. आपल्या ८ किलोबाइटसाठी असे दोन बिट लागतात. कुलूप लागल्यावर मुख्य प्रोग्राममधला भरकटलेला पॉइंटरही त्या जागी लिहू शकत नाही. तरी पूर्ण फ्लॅश पुसणारी आज्ञा बूटलोडरच्या कोडमध्ये कुठेही नको, फक्त पेज पुसणारी हवी.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी या सगळ्याची चाचणी रिलेने घ्यावी. बोर्डाची वीज एका रिलेतून द्यायची आणि रिले दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या ताब्यात ठेवायचा. अपडेट सुरू झाल्यावर पहिल्यांदा १० मिलिसेकंदांनी वीज तोडायची, पुढच्या वेळी २०, मग ३०, असे दहा सेकंदांपर्यंत. म्हणजे साधारण हजार वेळा. प्रत्येक वेळी वीज परत देऊन बोर्डाला विचारायचे: तू कोण? उत्तरे तीनच चालतील: जुना प्रोग्राम आपला आवृत्ती क्रमांक सांगेल, नवा सांगेल, किंवा बूटलोडर ‘मी वाट पाहतो आहे’ म्हणेल, आणि तसे म्हटल्यावर पुढचे पूर्ण अपडेट यशस्वी झाले पाहिजे. बोर्ड गप्प राहिला तर तो कितव्या मिलिसेकंदाला गप्प झाला हे नोंदवलेले असते. त्यावरून तेव्हा नेमके कुठले पेज पुसले जात होते किंवा लिहिले जात होते ते काढता येते, आणि दोष कोडच्या दोन-चार ओळींपर्यंत येऊन थांबतो.